‘दूध पुरत नाही’ ही तक्रार आणि अर्भकाच्या वजनाची नोंद : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

बाळंतिणीला दूध पुरेसे येते किंवा नाही, हा निर्णय आपल्याकडे बहुधा बाळाच्या रडण्यावरून केला जातो. बाळ रडले की दूध कमी, बाळ शांत निजले की दूध भरपूर, असा सरळ हिशेब घरोघरी मांडला जातो. हा हिशेब केवळ अपुरा नाही, तर अनेकदा उलटा असतो. ज्या काळात बाळाला खरोखर दूध कमी मिळते, त्या काळात ते पुष्कळदा शांत असते. आणि ज्या काळात दूध उत्तम येत असते, नेमक्या त्याच काळात घरात चिंता शिगेला पोहोचते. प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून हा विरोधाभास एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केला आहे. उदाहरण कोणा विशिष्ट कुटुंबाचे नसून आकडे समजावेत म्हणून रचलेले आहे. त्यातील प्रत्येक गोष्ट मात्र ग्रामीण भागात नेहमी आढळणारी आहे.

पहिले चौदा दिवस

पवनी तालुक्यातील माहेरी आलेल्या एका स्त्रीचे पहिले बाळंतपण मे महिन्याच्या आरंभी रुग्णालयात होते. मुलगी झाली, जन्मवजन २८०० ग्रॅम. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट द्यावी, असा गृहाधारित नवजात बालक संगोपनाचा क्रम आहे. या पद्धतीचा पाया विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घातला. त्यांचा क्षेत्रीय अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

तिसऱ्या दिवशी बाळाचे वजन २६०० ग्रॅम भरले. २०० ग्रॅमची ही घट जन्मवजनाच्या सुमारे ७ टक्के होते. पहिल्या काही दिवसांत बाळाच्या शरीरातील जादा पाणी निघून जाते आणि चिकाचे प्रमाणही थोडेच असते, त्यामुळे एवढी घट स्वाभाविक समजली जाते. पहिल्या दिवशी एका वेळी मिळणारा चीक दोन ते दहा मिलिलिटर एवढाच असतो, आणि नवजात बाळाला तेवढाच लागतो. भरपूर दूध साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान उतरते. पहिलटकरणीत, शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीनंतर किंवा मधुमेह असल्यास त्याला थोडा अधिक वेळ लागू शकतो. घट १० टक्क्यांच्या पलीकडे गेली तर मात्र ती स्वाभाविक मानून थांबता येत नाही. बाळ व स्तनपान या दोहोंची लगेच तपासणी व्हावी लागते.

सातव्या दिवशी वजन पुन्हा २६०० ग्रॅम आले. ‘वजन कमी झाले नाही’ म्हणून सर्वांना समाधान वाटले. वास्तविक पाचव्या दिवसाच्या सुमारास घट थांबून वाढ सुरू व्हावयास हवी आणि १० ते १४ दिवसांत बाळाने जन्मवजन परत गाठावयास हवे. चौदाव्या दिवशी काट्यावर २६५० ग्रॅम दिसले. म्हणजे अकरा दिवसांत वाढ केवळ ५० ग्रॅम, आणि बाळ अद्याप जन्मवजनाच्या १५० ग्रॅम खाली. तक्त्यात तिन्ही आकडे व्यवस्थित लिहिलेले होते; त्यांची वजाबाकी तेवढी कोणी केली नव्हती. घरात तर कौतुकच चालले होते, कारण मुलगी ‘शहाणी’ होती. ती चार-चार, पाच-पाच तास निजत असे आणि छातीशी घेतल्यावर दोन मिनिटांत पुन्हा डोळे मिटत असे. अपुरे दूध मिळणारे नवजात बाळ आपली शक्ती जपून वापरते. त्याची ही सुस्ती तृप्तीसारखी दिसते, आणि फसगत होते ती येथेच.

आणखी दोन खुणा उपलब्ध होत्या. पहिला आठवडा सरल्यावर बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा फिकट रंगाची लघवी करावी. ही मुलगी तीन-चार वेळाच आणि गडद पिवळी करीत होती. लंगोटावर चौथ्या दिवसानंतरही विटकरी डाग पडत असतील, अथवा शी काळीच राहून पिवळी झाली नसेल, तर तीही अपुऱ्या दुधाची सूचना असते. त्यातच मे महिन्याचा विदर्भातील उन्हाळा. ‘घसा कोरडा पडतो’ म्हणून आजी चमच्याने पाणी पाजीत होती. आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असते, म्हणून उन्हाळ्यातही वेगळ्या पाण्याची गरज नसते. उलट चार चमचे पाण्याने बाळाचे इवले पोट भरते आणि तेवढे दूध कमी प्याले जाते.

वेदनेचा अर्थ

या सर्व काळात आईला पाजताना तीव्र वेदना होत होत्या. पहिल्या बाळंतपणात दुखायचेच, अशी तिची समजूत घालण्यात आली. पहिल्या काही दिवसांत बाळ ओढू लागताना क्षणभर कळ येणे सामान्य आहे. तथापि पूर्ण पाजण होईपर्यंत टिकणारी वेदना आणि बोंडावर पडणाऱ्या भेगा यांचा बहुतेक वेळा एकच अर्थ असतो : बाळाच्या तोंडात केवळ बोंड जात आहे. अशा वेळी बोंड बाळाची जीभ आणि टाळूचा पुढचा कठीण भाग यांच्यात चिरडले जाते. पाजून झाल्यावर ते चपटे किंवा एका बाजूने तासल्यासारखे दिसते. दुधाच्या नलिका ज्या काळसर वर्तुळाखाली असतात, त्या भागावर दाबच पडत नसल्याने बाळाला दूधही थोडे मिळते. म्हणून आईची वेदना आणि बाळाचे न वाढणारे वजन या दोन स्वतंत्र तक्रारी न मानता प्रथम एकाच दोषाच्या दोन बाजू म्हणून तपासाव्यात.

चौदाव्या दिवशी आशा कार्यकर्तीने वजाबाकी केली आणि बाळाला रुग्णालयात पाठविले. तेथे कावीळ व जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून परिचारिकेने आईला पाजावयास सांगितले आणि ती केवळ पाहत राहिली. बाळ उताणे होते, मान वळवून पीत होते आणि आई स्तन त्याच्या तोंडात कोंबत होती. परिचारिकेने बाळाला कुशीवर वळवून त्याचे पोट आईच्या पोटाला लावले. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आली. ज्या स्तनाला पाजायचे त्याच्या विरुद्ध हाताने आईने बाळाची मान व खांदे पेलले आणि दुसऱ्या हाताने स्तनाला खालून आधार दिला. बोंड बाळाच्या नाकासमोर ठेवून त्याने जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबायचे, आणि मग बाळाला, स्तनाला नव्हे, पुढे आणायचे. हनुवटी आधी टेकली पाहिजे. नीट पकड झाली की खालचा ओठ बाहेर वळतो, हनुवटी स्तनात रुतते आणि काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे अधिक, खालच्या ओठाकडे कमी दिसतो. घाईचे जलद चोखणे थांबून संथ घोट ऐकू येऊ लागतात. पकड चुकलीच तर बाळाला ओढून काढू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट सरकवून निर्वात सोडवावा.

पकड सुधारूनही दुखत राहिल्यास बुरशीचा संसर्ग, बाळाच्या जिभेखालचा आखूड पडदा अथवा स्तनाला आलेली सूज यांचा शोध घ्यावा लागतो. ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल व कडक झाला तर उपचार हवेत. पाजणे मात्र थांबवू नये, कारण तुंबलेल्या दुधाने सूज वाढते.

या मुलीला दर दोन ते अडीच तासांनी जागे करून पाजावे आणि प्रत्येक पाजणीनंतर हाताने काढलेले आईचे दूध वाटी-चमच्याने द्यावे, असे ठरले. एकविसाव्या दिवशी वजन २८५० ग्रॅम, अठ्ठाविसाव्या दिवशी ३१०० आणि बेचाळिसाव्या दिवशी ३६०० ग्रॅम भरले. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. मागे पडलेली ही मुलगी ३० ग्रॅमहून अधिक वेगाने वाढत होती. वाढीच्या तक्त्यावर तिचा बिंदू अद्याप खालच्या रेषेजवळच होता. परंतु एका बिंदूच्या स्थानापेक्षा बिंदूंना जोडणाऱ्या रेषेची दिशा येथे अधिक सांगते.

वजन मोजण्याची एक मर्यादा ध्यानी घ्यावी. ५० अथवा १०० ग्रॅमच्या टप्प्याने वाचता येणाऱ्या काट्यावर एका दिवसाची ३० ग्रॅम वाढ दिसतच नाही. शिवाय एका पाजणीने महिन्याच्या बाळाचे वजन ६० ते ९० ग्रॅमने बदलते. दररोज वजन करणे म्हणूनच चिंता वाढविण्याचाच उद्योग ठरतो. त्याच काट्यावर, कपड्यांविना, आठवड्याच्या अंतराने घेतलेली दोन वजने पुरेशी असतात.

सव्वा महिन्यानंतर

बेचाळीस दिवसांनंतर आशा कार्यकर्तीच्या या मालिकेतील भेटी संपतात. पुढची नियोजित गृहभेट तिसऱ्या महिन्यात असते. याच सुमारास सव्वा महिना पूर्ण होतो, आणि ही बाळंतीण लाखनी तालुक्यातील सासरी परतते. गाव बदलते, आशा कार्यकर्ती बदलते. आरंभीचा तट्टपणा ओसरून स्तन मऊ लागू लागतात, कारण दुधाची निर्मिती आता मागणीशी जुळलेली असते. बाळाचे रडणे सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असते. संध्याकाळी ते तासन्‌तास छातीला चिकटून राहते. शी रोज होईनाशी होते. सासूबाईंना यातून एकच निष्कर्ष दिसतो, की दूध आटले. गायीच्या दुधात पाणी घालून बाटली सुरू होते.

परिणामी जे कारण नव्हते ते निर्माण होते. स्तनात साचून राहिलेले दूधच पुढील निर्मिती मंद करते. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी चोखते, दूध साचते आणि दोन-तीन आठवड्यांत ते खरोखरच कमी होते. मग आधीचा संशय बरोबर होता, असे सर्वांना वाटते. अळीव, मेथी, डिंक यांचे लाडू आईच्या पोषणासाठी चांगलेच. पण स्तन रिकामे होत नसतील तर लाडवांनी दूध वाढत नाही.

सुदैवाने येथे बाटलीच्या दुसऱ्याच आठवड्यात अडीच महिन्यांच्या लसीची पाळी आली. माता व बाल संरक्षण कार्डावर ७० व्या दिवशी ४४५० ग्रॅम अशी नोंद झाली. अठ्ठावीस दिवसांत ८५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ३० ग्रॅम. बाटलीतून जाणारे दूध पाण्यासारखे पातळ आणि थोडे होते; लघवी बाटलीपूर्वीही आठ वेळा होत होती. ‘दूध पुरत नाही’ या तक्रारीच्या बाबतीत विश्वसनीय मानाव्यात अशा खुणा दोनच : महिन्याला ५०० ग्रॅमपेक्षा कमी वाढ, आणि दिवसातून सहापेक्षा कमी वेळा होणारी गडद लघवी. त्या दोहोंपैकी एकही येथे नव्हती. बाटली आठवडाभरात क्रमाने बंद झाली.

खुणा खऱ्या असतील, तर मात्र ‘आईचे दूध कधी कमी पडत नाही’ असे सुभाषित ऐकवून बाळाला उपाशी ठेवणे हाही अपराधच होय. प्रसूतीत अतिरक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, थायरॉईडचा विकार किंवा स्तनग्रंथींची अपुरी वाढ अशी कारणे थोड्या स्त्रियांत असतात. त्यांच्या बाळांना वैद्यकीय सल्ल्याने पूरक दूध द्यावेच लागते, आणि पाजणेही चालू ठेवता येते. पाजण्यासाठी जागे न होणारे, अंग थंड अथवा तापलेले असणारे किंवा तळपायापर्यंत पिवळे झालेले बाळ पुढच्या वजनाची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

जुलैच्या मध्यात धानाची रोवणी सुरू झाली आणि आई सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत बांधीत राहू लागली. सात तास दूध साचू लागले. साडेतीन महिन्यांच्या लसीच्या वेळी, ९८ व्या दिवशी, वजन ५००० ग्रॅम होते. अठ्ठावीस दिवसांत ५५० ग्रॅम ही वाढ मर्यादेच्या वर असली तरी आधीच्या वेगाहून बरीच कमी होती, आणि या वेळी कारणही घडीत नव्हे तर दिनक्रमात होते. आईने निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी पाजावे, हाताने काढलेले दूध झाकून, सावलीत ठेवून सासूबाईंनी दहाच्या आत वाटी-चमच्याने द्यावे, अकराच्या सुमारास बाळाला धुऱ्यावरील झाडाखाली आणावे आणि रात्रीच्या पाजण्या वाढवाव्यात, असे अंगणवाडी सेविकेने सुचविले. पुढचे वजन एका आठवड्याने घ्यावयाचे ठरले.