मोफत धड्याची परतफेड : आभाराच्या पत्रात हिशोब हवा

त्र्यंबकेश्वर तालुक्यात भात, नागली आणि वरई ही खरिपाची मुख्य पिके आहेत. भाताची पारंपरिक पद्धत म्हणजे रोप टाकणे, चिखलणी करणे आणि आवणी करणे. ही सर्व कामे पावसावर अवलंबून असतात. रोप तयार झाले आणि खाचरात चिखलणीपुरते पाणी नसले, तर रोप जागेवरच जून होते. साधारणपणे २१ ते २५ दिवसांचे रोप लावावे, अशी शिफारस आहे. रोप ४० दिवसांच्या पुढे गेले, की त्याची फुटवे फुटण्याची वेळ रोपातच निघून जाते. मग कितीही खत दिले तरी चूड भरत नाही.

सन २०२३ च्या खरिपात नेमके हेच झाले. मोसमी पाऊस महाराष्ट्रात सर्वत्र पोचायला २५ जून उजाडला आणि पुढे ऑगस्ट कोरडा गेला. आमच्या परिचयातील त्र्यंबकेश्वरजवळच्या एका शेतकऱ्याची आवणी त्या वर्षी फार लांबली. अर्ध्याहून अधिक चुडांना जेमतेम तीन-चार फुटवे आले.

त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखविला. तो सगुणा राईस तंत्राचा होता. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथील सगुणा बागेचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी हे तंत्र विकसित केले असून त्याची माहिती देणारे व्हिडिओ यूट्यूबवर मोफत पाहता येतात. या तंत्रात रोप, चिखलणी आणि आवणी ही तिन्ही कामे नसतात. शेतात एकदाच कायमचे गादीवाफे करतात. दोन वाफ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १३६ सें.मी. अंतर असते आणि वाफ्याचा माथा १०० सें.मी. रुंद असतो. त्यावर लोखंडी साच्याने २५ × २५ सें.मी. अंतरावर खळगे पाडून बी टोकतात. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात आणि पुढील पिकासाठी वाफे मोडत नाहीत.

आमच्या या शेतकरी मित्राने व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि २०२४ च्या खरिपात ५ गुंठ्यांवर इंद्रायणी भात टोकला. शेजारच्या खाचरात तेच वाण नेहमीप्रमाणे आवणीने लावले. पीक उत्तम आले. दिवाळीनंतर ते एक कागद घेऊन आमच्याकडे आले.

“सर, त्या मंडळींनी एक पैसा न घेता शिकवले. त्यांना आभाराचे पत्र पाठवायचे आहे. जरा शुद्धलेखन पाहा.”

कागदावर तीन ओळी होत्या. व्हिडिओ फार छान आहे, आपले उपकार विसरणार नाही आणि भात दीडपटीपेक्षा जास्त आला.

पहिल्या पत्रात काय राहिले?

शुद्धलेखनाची अडचण नव्हती. पण पत्र वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नव्हते. व्हिडिओ करणाऱ्याला तो किती जणांनी पाहिला, हा आकडा पडद्यावर दिसतो. कोणाच्या शेतात त्याचे काय झाले, हे मात्र शेतकऱ्याने सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. आपली जमीन कशी, पाऊस किती, सांगितल्यातले काय केले, काय केले नाही, कुठे अडले, एवढे कळले तर त्याला पुढचा व्हिडिओ सुधारता येतो. विनामूल्य शिकविणाऱ्याला आपण देऊ शकू अशी फी म्हणजे हाच निकाल. मात्र तो खरा असला पाहिजे.

म्हणून आम्ही विचारले, “काका, दीडपट कसे काढले?”

त्यांनी पद्धत सांगितली. आवणीच्या खाचरात एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकट टाकून तीन ठिकाणी भात कापला, झोडपला, वाळवून तोलला. तिन्हींची सरासरी ३८५ ग्रॅम आली. गादीवाफ्यावरही वाफ्याची एक मीटर लांबी तीन ठिकाणी कापली. माथा एक मीटर रुंद असल्याने तोही एक चौरस मीटरच धरला. तेथे वजने ५९०, ६४० आणि ६०० ग्रॅम, म्हणजे सरासरी ६१० ग्रॅम भरली. ६१० ला ३८५ ने भागले की दीडपटीहून थोडे जास्तच येते.

चूक कोठे झाली?

तोलण्यात काही चूक नव्हती. चूक जागेच्या मापात होती. आवणीच्या खाचरात जमीन सगळीकडे सारखी लावलेली असते. गादीवाफ्याच्या शेतात मात्र प्रत्येक वाफ्याच्या बाजूला सरी असते आणि सरीत भात नसतो. तरी ती सरी आपल्याच शेताची जागा असते. एक मीटर लांब वाफा आपल्या वाट्याची सरी धरून १.३६ चौरस मीटर जागा घेतो. म्हणून ६१० ग्रॅम हे एका चौरस मीटरचे उत्पादन नसून १.३६ चौरस मीटरचे आहे.

६१० ला १.३६ ने भागले की सुमारे ४४९ ग्रॅम येतात. हे आवणीच्या ३८५ ग्रॅमपेक्षा ६४ ग्रॅमने, म्हणजे एक षष्ठांशाने जास्त आहे. एका गुंठ्यात १०१ चौरस मीटर धरले, तर वाफ्यावर गुंठ्याला सुमारे ४५ किलो आणि आवणीत सुमारे ३९ किलो भात झाला.

हे बरोबर आहे का, हे पाहण्याची सोपी खूण आहे. संपूर्ण तुकड्याचा भात झोडपून, वाळवून तोलावा आणि नमुन्यावरून काढलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. काकांच्या ५ गुंठ्यांचा सगळा भात २१२ किलो भरला होता. नमुन्यावरून २२६ किलो यायला हवा होता. खालच्या कोपऱ्यात पीक विरळ होते, त्यामुळे एवढा फरक समजण्यासारखा आहे. सरी न धरता हिशोब केला असता तर ३०८ किलो आले असते आणि प्रत्यक्ष पोत्यांशी तो आकडा कुठेच जुळला नसता.

काका थोडे हिरमुसले. “म्हणजे आभार मानण्यासारखे फारसे काही झालेच नाही का?” असे त्यांनी विचारले.

खरा फायदा कशाचा?

मग आम्ही मजुरीचा हिशोब मांडला. आवणीच्या ५ गुंठ्यांना रोप काढणे व आवणी यासाठी आठ आणि निंदणीला तीन, असे अकरा मजूर-दिवस लागले. शिवाय चिखलणीला एक दिवस बैलजोडी लागली. वाफ्यावर टोकणीला चार आणि निंदणीला पाच, असे नऊ मजूर-दिवस झाले. पण पहिले वर्ष असल्याने वाफे बांधायलाच चार दिवस गेले. म्हणजे पहिल्या वर्षी मजुरीत बचत झालीच नाही. वाफे टिकले तर ती पुढच्या वर्षापासून दिसेल.

निंदणी जास्त का लागली, तेही पाहिले. टोकणीनंतर तणे उगवण्यापूर्वी ओल्या जमिनीवर तणनाशक फवारले होते. पण फवारणी झाल्यावर तासाभरात मोठी सर आली आणि ते वाहून गेले. शिवाय शेतात लव्हाळा होता. लव्हाळा जमिनीतील गाठींपासून येतो. त्यामुळे उगवणीपूर्व तणनाशकाने तो आटोक्यात येत नाही.

खरा फायदा वेळेचा झाला. टोकणीला चिखलाची गरज नव्हती, नुसती ओल पुरेशी होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बी जमिनीत पडले आणि रोपे उगवली तिथेच वाढली. त्यामुळे रोप जून होण्याचा प्रश्नच उरला नाही. २०२३ मध्ये काकांचे नुकसान नेमके या कारणाने झाले होते. व्हिडिओने सोडविलेली अडचण ही होती आणि पहिल्या पत्रात तिचाच उल्लेख नव्हता.

दुसरे पत्र

त्यानंतर काकांनी स्वतःच्या शब्दांत पत्र पुन्हा लिहिले. त्यांच्या संमतीने ते येथे देत आहोत.

“सप्रेम नमस्कार. माझी जमीन त्र्यंबकेश्वर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर आहे. पाऊस फार पडतो, पण सुरुवातीला त्याचा भरवसा नसतो. २०२३ साली रोप जून होऊन माझे भात बसले. आपला व्हिडिओ पाहून २०२४ साली ५ गुंठे इंद्रायणी गादीवाफ्यावर टोकली. चिखलाची वाट पाहावी लागली नाही, हा मला सर्वांत मोठा उपयोग झाला. सरी धरून गुंठ्याला ४५ किलोचा नमुना आला, शेजारच्या आवणीत ३९ किलो. सगळा भात तोलला तो २१२ किलो भरला. दोन अडचणी आल्या. टोकणीनंतर खालच्या टोकाला दोन दिवस पाणी साचले, तिथले बी कुजले. सरीचे पाणी बाहेर काढायला वाट ठेवायची ती मी ठेवली नव्हती. दुसरे, तणनाशक पावसाने धुतले आणि लव्हाळा राहिला, दोनदा निंदावे लागले. जोराच्या पावसाच्या भागात फवारणीची वेळ कशी साधावी, हे पुढच्या व्हिडिओत सांगितले तर आमच्यासारख्यांना उपयोग होईल. माझे हे एकाच वर्षाचे आहे. पुढच्या वर्षी पुन्हा कळवीन. आपण शिकविले म्हणून मी करू शकलो. आपला आभारी आहे.”

या पत्रातील आकडा पहिल्यापेक्षा लहान आहे, पण त्यावर दुसऱ्या शेतकऱ्याला विसंबता येईल. दीडपट वाचून कोणी एकदम दोन एकरांवर वाफे बांधले असते आणि एक षष्ठांश वाढ मिळाली असती, तर त्याने दोष तंत्राला आणि शिकविणाऱ्याला दिला असता. फुगवलेला आकडा असा शिकविणाऱ्याच्याच अंगावर येतो.

आपण पत्र लिहाल तेव्हा

आपण कोणाच्याही व्हिडिओवरून शेतातील अडचण सोडविली असेल, तर आधी ती अडचण एका वाक्यात लिहा. व्हिडिओत सांगितले त्यापेक्षा आपण काय वेगळे केले, तेही लिहा. काकांनी पाण्याला वाट ठेवली नाही हे लिहिले नसते, तर बी कुजण्याचा दोष बियाण्यावर किंवा पद्धतीवर गेला असता. तुलनेसाठी जुन्या पद्धतीचा एक तुकडा शेजारी ठेवा. तो नसेल, तर चांगल्या पावसाच्या वर्षाचे श्रेयही चुकून व्हिडिओला दिले जाते. उत्पादन वाळवूनच तोला, कारण ओल्या दाण्यातील पाण्याचे वजन उत्पादनात मोजले जाते.

व्हिडिओ गावात दुसऱ्याला पाठवायचा असेल, तर मूळ व्हिडिओच पाठवा. त्यातील दोन मिनिटांचा तुकडा कापून फिरविला, की करणाऱ्याचे नाव जाते आणि वाफ्याचे माप किंवा तणनाशकाची सूचना मागे राहते. अर्धवट कृतीतून झालेले नुकसान मात्र त्याच्याच नावावर जमा होते.

काकांनी पत्र पाठविले आणि त्याची एक प्रत आपल्या वहीत ठेवली. त्याच पानावर खाली त्यांनी पुढच्या खरिपासाठी दोन कामे लिहून ठेवली आहेत. मेमध्ये खालच्या टोकाला चर काढणे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचणे.