पनीर आलं नाही, पैसेही अर्धेच आले

मोबाइलवरून मागवलेल्या जेवणातला एखादा पदार्थ आलाच नाही, तर ॲपवर तक्रार करणं आता सगळ्यांना जमतं. 'पदार्थ मिळाला नाही' यावर बोट ठेवायचं, फोटो जोडायचा, की थोड्या वेळात परताव्याचा संदेश येतो. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. परतावा कमी आलेला असतो, तो कसा काढला हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि ॲपच्या लेखी तक्रार मिटलेली असते. इथे बहुतेक जण सोडून देतात, कारण नेमके किती पैसे यायला हवे होते हे त्यांनाही सांगता येत नाही. ते सांगता यायला हवं.

एक उदाहरण घेऊ. पनीर मसाला 240 रुपये, दाल तडका 180, रोट्या 180, असे एकूण 600. कूपनमुळे 20 टक्के, म्हणजे 120 रुपये सूट मिळाली. पॅकिंगचे प्रत्येक पदार्थामागे 10 प्रमाणे 30 रुपये लागले. उरलेल्या 510 रुपयांवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे साडेपंचवीस रुपये. घरपोच आणण्याचं शुल्क आणि कंपनीचं शुल्क वेगळं. पिशवीत पनीर नव्हतं आणि परत आले 120 रुपये.

हे 120 आले कुठून? पनीरच्या 240 रुपयांतून कूपनची सगळीच्या सगळी सूट वजा झाली. पण ती सूट तिन्ही पदार्थांवर मिळाली होती. पनीरच्या वाट्याला तिचे 48 रुपयेच येतात. म्हणजे ग्राहकाने पनीरसाठी 192 रुपये मोजले, शिवाय पॅकिंगचे 10 आणि या 202 रुपयांवरचा कर 10 रुपये 10 पैसे. येणं होतं 212 रुपये 10 पैसे. आले 120, राहिले 92 रुपये 10 पैसे.

कधी उत्तर मिळतं, की पनीर वगळल्यावर ऑर्डर कूपनच्या किमान रकमेखाली गेली, म्हणून सवलत काढून घेतली. हे मला अजिबात पटत नाही. ऑर्डर ग्राहकाने कमी केलेली नाही, ती पुरवणाऱ्याने अपुरी दिली. त्याचा भुर्दंड ग्राहकावर का? घरपोच शुल्काची गोष्ट मात्र वेगळी आहे. बाकीचं जेवण घरी पोचलेलं असल्यामुळे ते पूर्ण परत मिळण्याची अपेक्षा धरू नये.

आकडा हाती आला की चॅटवर घोळ न घालता एकच मजकूर पाठवावा: 'ऑर्डर क्रमांक अमुक. पनीर मसाला मिळाला नाही. सवलतीचा वाटा वजा करून, पॅकिंग व करासह 212.10 रुपये देय आहेत. 120 मिळाले. उरलेले 92.10 मूळ खात्यात जमा करावेत, अन्यथा 120चा हिशोब लेखी द्यावा.' सोबत बिल, सगळे डबे एकत्र दिसतील असा फोटो आणि पिशवीला लावलेली हॉटेलची चिठ्ठी जोडावी. पिशवी सीलबंद आली असेल तर ते सीलही फोटोत यावं. मग चूक पॅकिंगच्या वेळी झाली हे उघड होतं आणि आणून देणाऱ्या मुलावर ठपका येत नाही.

'मूळ खात्यात' हे शब्द सोडू नयेत. उरलेल्या पैशांऐवजी पुष्कळदा पुढच्या ऑर्डरसाठी कूपन देऊ करतात, आणि त्याला मुदत असते. ते एकदा स्वीकारलं की वाद मिटला असं धरलं जाण्याचा धोका असतो. रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रिगेटरसाठीच्या नियमांनुसारही, ग्राहकाने वेगळी संमती दिली नसेल तर परतावा ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने व्हायला हवा. पैसे पाठवल्याचा दावा असूनही जमा दिसत नसतील, तर परताव्याचा संदर्भ क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून बँकेला शोध घेता येतो.

चॅटवर दाद लागली नाही तर तोच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची, असंही हे नियम सांगतात. त्यानंतर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण आदेश देऊ शकत नाही.

आदेश देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. इतक्या लहान रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, म्हणून बिल आणि चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत.