गेटचा विलंब: एका आकड्यातून वितरणाकडे

चिपमध्ये सिग्नल एका फ्लिप-फ्लॉपमधून निघतो, वाटेतली गेट्स ओलांडतो आणि क्लॉकचा पुढचा ठोका पडण्याआधी त्याला दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपपाशी पोचावे लागते. उशीर झाला, तर तिथे चुकीची किंमत साठवली जाते. म्हणून आराखडा कारखान्यात जाण्यापूर्वी प्रत्येक मार्गावरच्या विलंबांची बेरीज करून पाहतात. सर्किट चालवून न बघता केलेल्या या हिशेबाला स्टॅटिक टायमिंग अॅनालिसिस म्हणतात.

अडचण बेरजेत नाही, बेरजेला घेतलेल्या आकड्यांत आहे. एकाच आराखड्याची दोन गेट्स एकाच चिपवर शेजारी बनली, तरी त्यांचा वेग तंतोतंत सारखा नसतो. अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरच्या चॅनेलमध्ये मिसळलेले अणू इतके मोजके असतात, की दोनचार कमीजास्त झाले तरी थ्रेशोल्ड व्होल्टेज बदलते आणि त्याबरोबर वेगही. यावर जुना तोडगा म्हणजे ‘कॉर्नर’: प्रत्येक गेट अगदी मंद निघेल असे धरायचे आणि तरीही सिग्नल वेळेत पोचतो का ते बघायचे.

समजा, एका मार्गावर १६ गेट्स आहेत. प्रत्येकाचा सरासरी विलंब २० पिकोसेकंद, प्रमाण विचलन २ पिकोसेकंद. कॉर्नरच्या पद्धतीने प्रत्येक गेट सरासरीपेक्षा तीन विचलने मंद, म्हणजे २६ पिकोसेकंदांचे. मार्गाचा विलंब ४१६.

पण १६ गेट्सचे चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर सगळीच एकदम इतकी मंद निघण्याची शक्यता नगण्य असते. काही मंद निघतात, काही जलद, आणि बराचसा फरक आपसांत फिटतो. सांख्यिकी पद्धत प्रत्येक विलंबाला ठरावीक आकडा न मानता वितरण मानते. सरासऱ्यांची सरळ बेरीज होते: ३२०. विचलनांची मात्र तशी होत नाही; त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावे लागते, म्हणून ३२ ऐवजी केवळ ८ येते. सरासरीवर तीन विचलने चढवली, की ३४४. कॉर्नरने मागितलेल्या वेळेपेक्षा ७२ पिकोसेकंद कमी! एरवी ती भरून काढण्यासाठी मोठी गेट्स बसवावी लागली असती. त्यांनी जागाही जास्त घेतली असती आणि वीजही.

हा फायदा पूर्ण पदरात पडत नाही. वेफरवर थर चढवताना झालेला फरक चिपवरच्या सगळ्याच गेट्सना एका दिशेने ढकलतो, आणि असा सामाईक फरक आपसांत फिटत नाही. वरच्याच उदाहरणात प्रत्येक गेटच्या वर्गित विचलनाचा निम्मा भाग सामाईक धरला, तर मार्गाचे विचलन २३ च्या पुढे जाते आणि उत्तर ३९० येते. ३४४ आणि ३९० यांतले अंतर केवळ सहसंबंधाचे आहे. तो चुकीचा धरला तर अख्खे विश्लेषण चुकते. म्हणूनच २००४ मध्ये आयबीएमच्या चंदू विश्वेश्वरय्या आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक विलंब तीन भागांत लिहिला जातो: सरासरी, सामाईक कारणांचे वाटे आणि त्या गेटचा स्वतःचा यादृच्छिक वाटा. दोन मार्गांचे सामाईक वाटे त्यामुळे शेवटपर्यंत ओळखता येतात.

कॉर्नर नेहमीच जास्त सावध असतो, हा समजही खरा नाही. एका मार्गासाठी तीन विचलनांची हमी म्हणजे सुमारे ९९.८७ टक्के यश. पण चिपमध्ये असे १०० स्वतंत्र मार्ग बरोबरीने निकडीचे असले, तर सगळेच वेळेत पोचण्याची शक्यता ८७ टक्क्यांवर येते. तीच मूळ हमी संपूर्ण चिपसाठी हवी, तर ३४४ ऐवजी सुमारे ३५४ पिकोसेकंद द्यावे लागतात. एकेक मार्ग सुटा तपासला, तर हे दिसतच नाही. अनेक वितरणांतले सर्वांत मोठे मूल्य कसे अंदाजावे, याचे सूत्र चार्ल्स क्लार्क यांनी १९६१ मध्येच दिले होते. पर्ट हे प्रकल्प-नियोजनाचे तंत्र घडवणाऱ्यांपैकी ते एक; ‘सगळी कामे कधी संपतील’ हा त्या तंत्राचा प्रश्न जवळजवळ हाच आहे.

मात्र क्लार्क यांचे सूत्र घंटाकृती वितरण गृहीत धरते. पुरवठ्याचे व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जवळ आणले, की विलंबाचे वितरण एका बाजूला लांबते: मंद गेट्स फारच मंद होतात, जलद गेट्स मात्र तेवढी जलद होत नाहीत. असे झाले आहे का, हे ओळखायला निवडक मार्गांवर मोंटे कार्लो सिम्युलेशन चालवतात आणि मंद टोकाकडची दोन्ही उत्तरे ताडून बघतात. गेट्सच्या माहितीच्या लिबर्टी फायलींमध्ये आता विचलनाचे तक्ते असतात. इनपुट किती तीव्रतेने बदलतो आणि गेटवर भार किती, त्याप्रमाणे त्यांतले आकडे बदलतात. उशिराकडचे आणि लवकरकडचे विचलन वेगळे नोंदवण्याची सोयही त्यांत आहे.

प्रत्यक्ष कामात कॉर्नर पूर्ण गेलेले नाहीत. व्होल्टेज, तापमान आणि साऱ्या चिपला सारखेच लागू होणारे फरक अजूनही कॉर्नरनेच तपासले जातात. गेट-गेटमधला स्थानिक फरक तेवढा वितरण म्हणून धरला जातो.