जेवणघरातलं बेसिन

पंगतीतून उठलेल्या पाहुण्याला उष्ट्या हाताने बाथरूम शोधावं लागू नये, म्हणून बेसिन बाहेर हवंच. ते कुठे बसवायचं, हे मात्र सांडपाण्याच्या पाइपावरून ठरवावं.

सर्वात सोयीची जागा म्हणजे बाथरूमच्याच भिंतीची बाहेरची बाजू. भिंतीला भोक पाडून पाइप आत नेला की पाणी नहाणी ट्रॅपमध्ये जातं. बेसिन दोन मीटर लांब असेल, तर पाइपाला मीटरमागे साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे एकूण पाच सेंटिमीटर उतार लागतो. भिंतीतून तो सहज मिळतो. फरशीखाली मात्र पाइपाची जाडी आणि उतार दोन्ही मावत नाहीत. मग प्लंबर पाइप जवळजवळ सपाट टाकतो आणि तेलकट खरकटं आत साचत जातं. पाणी हळू उतरू लागलं, गुडगुड आवाज आला, की समजावं.

बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम राहतं, तेच दुर्गंधी अडवतं. महिनाभर घर बंद राहिलं तर ते आटतं. परतल्यावर आधी तांब्याभर पाणी ओतावं.

आडोशाचा विचार बहुतेक घरांत राहूनच जातो. बेसिन बाथरूमच्या दाराशेजारी असेल, तर आंघोळ करून बाहेर पडणारी बाई थेट जेवणाऱ्यांसमोर येते. दार उघडं राहिलं, तर समोरच्या आरशात आतलं दिसतं. म्हणून बेसिन दारापासून कोपरा वळून घ्यावं. तेही जमत नसेल, तर मध्ये दीडेक फूट रुंदीची, डोक्याएवढी उंच आडभिंत पुरते.