फोन कोणता, हे ब्राउझरला विचारायचं की माणसाला?

समजा, चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 40 कंत्राटी कामगारांचा तुम्ही निनावी ऑनलाइन सर्व्हे घेताय. प्रश्न आहे : ओव्हरटाइमचे पैसे पूर्ण मिळतात का? नाव, नंबर काहीच विचारलेलं नाही. तरीही फॉर्म उघडताच ब्राउझर आपणहून एक ओळ सर्व्हरला पाठवतो. तिला यूजर एजंट म्हणतात. एखाद्या ॲपच्या आतच लिंक उघडली, तर ती बहुधा अशी दिसते :

```
Mozilla/5.0 (Linux; Android 13; SM-A146B Build/TP1A.220624.014; wv) ...
```

यातलं `SM-A146B` हे फोनचं मॉडेल. 40 जणांत असा फोन एकाकडेच असेल, तर निनावीपणा तिथेच संपला. त्याच्या शेजारी वेळ नोंदलेली असते, म्हणजे शिफ्टही कळते. ही एक्सेल शीट सुपरवायझरच्या हाती पडली, तर ‘नाही’ कोणी लिहिलं हे शोधायला त्याला फार वेळ लागणार नाही. कंत्राटी माणसाच्या बाबतीत ही गोष्ट थेट नोकरीवर येऊ शकते.

हा धोका ओळखून अँड्रॉइडवरच्या क्रोमने 2023 पासून ही ओळ बोथट केली. आता फोन कुठलाही असो, तिथे एवढंच येतं :

```
Mozilla/5.0 (Linux; Android 10; K) ...
```

म्हणजे तुमच्या डेटात सगळेच ‘अँड्रॉइड 10’वाले दिसायला लागले, तर तो निष्कर्ष नाही, तो मुखवटा आहे. खरं मॉडेल हवं असेल, तर सर्व्हर `Accept-CH` हेडरने `Sec-CH-UA-Model` मागू शकतो. पण हे विचारणं ब्राउझरला असतं. फोन ज्याच्या हातात आहे, त्याला यातलं काहीच कळत नाही.

मग माणसाला सरळ विचारलं तर? ‘फॉर्म कशावर भरताय : मोबाइल, संगणक की सांगायचं नाही?’ इथे उत्तर देणाऱ्याला काय दिलं ते माहीत असतं आणि नकारही देता येतो. मर्यादा आहेतच. अँड्रॉइडची आवृत्ती पुष्कळांना सांगता येत नाही, काही जण प्रश्न सोडून देतात. आणि विचारलं म्हणजे आपोआप सुरक्षित झालं असंही नाही. तुम्ही मॉडेलच विचारलंत, तर धोका तोच राहतो. फरक पडतो तो पर्याय मोठे आणि मोजके ठेवल्याने.

म्हणून आधी ठरवा, विश्लेषणात नेमकं काय वापरणार आहात. फॉर्म छोट्या स्क्रीनवर नीट दिसावा एवढंच असेल, तर ते काम सीएसएस फोनवरच करते, काही साठवावं लागत नाही. आणि प्रश्न विचारायचा ठरला, तरी सर्व्हरचा लॉग तपासा. एनजिनएक्सचा नेहमीचा `combined` लॉग आयपी पत्ता, वेळ आणि यूजर एजंटची पूर्ण ओळ गुपचूप लिहीत राहतो. तो बंद केल्याशिवाय संमतीपत्रात ‘निनावी’ हा शब्द लिहू नका.