सलामाला सवाई उत्तर : अमिराती बोलीतला शिष्टाचार

संयुक्त अरब अमिरातीच्या बोलीत अभिवादन हे जोडीने चालते. पहिल्याने काय म्हणायचे हे जसे ठरलेले, तसेच दुसऱ्याने काय उत्तर द्यायचे हेही ठरलेले असते. उत्तर निदान तितकेच आणि शक्यतो थोडे अधिक असावे, असा त्यामागचा नियम आहे. कुराणातील ‘अन्-निसा’ सूरेच्या ८६ व्या आयतीत अभिवादनाला त्याहून चांगले किंवा तसेच उत्तर देण्याची आज्ञा आहे. रोजच्या बोलण्यातही तोच दंडक दिसतो. ‘अस्सलामु अलैकुम’ला ‘व अलैकुम अस्सलाम’ एवढे उत्तर पुरते, पण ‘व रहमतुल्लाह’ (आणि ईश्वराची कृपा) जोडले की ते अधिक चांगले ठरते. ‘सबाह अल्-खैर’ला ‘सबाह अन्-नूर’ म्हणतात: भल्या सकाळीला प्रकाशाची सकाळ. ‘मरहबा’ला ‘मरहबतैन’, म्हणजे सरळ दुप्पट स्वागत.

उत्तर घडवण्याची दुसरी रीत प्रतिध्वनीची आहे. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. समोरच्याने वापरलेला धातूच उचलून त्याचा आशीर्वाद करायचा आणि आशीर्वाद देणारा म्हणून अल्लाहचे नाव घ्यायचे. काम करणाऱ्याला ‘अल्लाह यातीक अल्-आफ्या’ (ईश्वर तुला आरोग्य देवो) म्हटले, तर तो ‘अल्लाह याफीक’ (तुलाही निरोगी ठेवो) असे परत करतो. ‘मबरूक’ या अभिनंदनाला ‘अल्लाह यबारिक फीक’ आणि ‘तस्लम’ या आभाराला ‘अल्लाह यसल्लमक’ हे उत्तर येते. न्हाऊन किंवा केस कापून आलेल्याला ‘नईमन’ म्हणतात. त्यावर ‘अल्लाह यनइम अलेक’. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी सीरियाच्या अरबीतील अशाच जोड्यांचा अभ्यास केला होता. आखाती बोलीतही ही घडण तितकीच जिवंत आहे.

या सूत्रांमध्ये ऐकणारा पुरुष की स्त्री, हे शेवटच्या व्यंजनावरून कळते. पुरुषाला ‘श्हालक’ (कसा आहेस), तर स्त्रीला ‘श्हालिच’. पुरुषाला ‘अल्लाह यसल्लमक’, तर स्त्रीला ‘अल्लाह यसल्लमिच’. अनेकांना उद्देशून ‘श्हालकुम’ म्हणतात. बाहेरून आलेल्याची चूक इथे हटकून पकडली जाते, कारण पुरुषांमध्ये राहून शिकलेला माणूस स्त्रीशीही ‘क’नेच बोलतो. ‘अस्सलामु अलैकुम’ मात्र एकट्या माणसालाही अनेकवचनातच म्हणायचे.

मजलिस, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या दालनात, हे सारे क्रमाने घडते. आत येणाऱ्याने आधी सलाम करायचा आणि बसलेल्यांनी उत्तर द्यायचे. मग उजव्या हाताने हस्तांदोलन. जवळच्या अमिराती पुरुषांत नाकाला नाक लावण्याचीही रीत आहे. परपुरुषाने स्त्रीपुढे स्वतःहून हात करू नये. तिने केला नाही तर छातीवर हात ठेवून सलाम करणे पुरते.

यजमान ‘हय्याक अल्लाह’ म्हणून स्वागत करतो. पाहुण्याने ‘अल्लाह यहय्यीक’ म्हणायचे. मग ‘श्हालक? शखबारक? शलूमक?’ अशा विचारपुशीच्या फैरी झडतात. प्रत्येक प्रश्नाला वेगळे उत्तर कुणाला नको असते. ‘बखैर, अल्हम्दुलिल्लाह’ म्हणायचे आणि लगेच तेच प्रश्न उलट विचारायचे. प्रकृती बरी नसली तरी पहिले उत्तर हेच; दुखणे सांगायचे ते पुढच्या गप्पांत. आल्याआल्या कामाचा विषय काढणे घाईचे आणि रुक्ष वाटते.

मग दल्ला या चोचीच्या भांड्यातून ‘गहवा’ ही कॉफी येते. वाढणारा डाव्या हातात दल्ला धरतो आणि उजव्या हाताने लहानसा फिंजान पुढे करतो. पाहुण्याने तो उजव्याच हाताने घ्यायचा. फिंजानात घोट-दोन घोटच ओततात आणि तो रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे झाल्यावर फिंजान हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा. नुसता परत केला, तर आणखी ओतली जाते.

विनंतीच्याही जोड्या आहेत. पाहुण्याला काही हवे असेल तर यजमान ‘आमर’ (आज्ञा कर) म्हणतो. पाहुणा ‘मा यामर अलेक अदू’ (शत्रूची आज्ञा तुझ्यावर न चालो) असे म्हणून मग काम सांगतो. त्यावर ‘इन्शाल्लाह’ आले, तर सहसा त्याचा अर्थ ‘बरे, करतो’ असा घ्यायचा. मात्र तोच शब्द टाळाटाळीलाही चालतो, म्हणून त्यापुढे दिवस-वेळ ठरते का, हे पाहावे. माफी मागताना ‘अस्समूहा’ म्हणतात. त्याला ‘मसमूह’ हे उत्तर.

उठताना पाहुणा ‘मा गस्सर्त’ (तू काही उणे ठेवले नाहीस) म्हणून आभार मानतो आणि ‘फमानिल्लाह’ (ईश्वराच्या रक्षणात) म्हणत निरोप घेतो. यजमान ‘म-अस्सलामा’ म्हणतो. त्यालाही पाहुण्याकडून ‘अल्लाह यसल्लमक’ अपेक्षित असते. ते झाले की निरोप पुरा होतो.