बीपीची चिठ्ठी कशी वाचावी

रक्तदाबाचे औषध नव्याने सुरू होते तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा एक-दोनच ओळी असतात. त्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात: औषधाचे नाव, गोळीची ताकद, ती दिवसात केव्हा घ्यायची आणि किती दिवस घ्यायची. उदाहरणार्थ, ‘टॅब. टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, १-०-०, ३० दिवस’. यातले तीन आकडे अनुक्रमे सकाळ, दुपार आणि रात्र यांचे आहेत. म्हणजे सकाळी एक गोळी, दुपारी आणि रात्री काही नाही. काही डॉक्टर आकड्यांऐवजी ‘ओडी’, ‘बीडी’ किंवा ‘एचएस’ ही अक्षरे लिहितात. त्यांचा अर्थ दिवसातून एकदा, दिवसातून दोनदा आणि रात्री झोपताना असा होतो. नुसते ‘ओडी’ लिहिलेले असेल, तर एकदा घ्यायची एवढेच कळते. सकाळी की रात्री, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्यावे.

नवख्या रुग्णाची पहिली गफलत होते ती नावात. टेल्मिसार्टन हे औषधाचे जेनेरिक, म्हणजे मूळ नाव. हेच औषध अनेक कंपन्या आपापल्या ब्रँडच्या नावाने विकतात. चिठ्ठीवर एक नाव, दुकानदाराने दिलेल्या स्ट्रिपवर दुसरे आणि जनऔषधी केंद्रातल्या स्ट्रिपवर नुसतेच मूळ नाव, असे सर्रास घडते. अशा वेळी ब्रँडचे नाव सोडून स्ट्रिपच्या मागची छपाई वाचावी. तिथे ‘टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आयपी ४० मिग्रॅ’ असा मजकूर असतो. ‘आयपी’ याचा अर्थ भारतीय औषधकोशातल्या निकषांनुसार बनवलेले. मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी जुळला, तर ब्रँड वेगळा असला तरी औषध तेच आहे.

मूळ नावाच्या शेपटावरून औषधाचा गटही ओळखता येतो. ‘सार्टन’ने संपणारी टेल्मिसार्टन, लोसार्टन ही एका गटाची. ‘डिपिन’ने संपणारी अम्लोडिपिन, सिल्निडिपिन दुसऱ्या गटाची. एनालाप्रिल, रामिप्रिल ही ‘प्रिल’ची, तर मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही ‘लॉल’ची. याचा रोजच्या व्यवहारात खरा उपयोग आहे. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मिळून घरात दोन वेगवेगळी ‘सार्टन’ किंवा एक ‘सार्टन’ आणि एक ‘प्रिल’ जमली असतील, तर दोन्ही घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. ही औषधे एकाच यंत्रणेवर काम करतात. ती एकत्र घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. गरोदर असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने या दोन्ही गटांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण गर्भाला त्यांचा धोका असतो.

ताकदीचा आकडा वाचताना एक समज हमखास आड येतो. टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ असे लिहिलेले पाहून पहिली गोळी आठपट ‘स्ट्राँग’ असे वाटते. तसे मुळीच नाही. प्रत्येक औषधाची मोजपट्टी स्वतंत्र असते. टेल्मिसार्टन साधारणपणे २०, ४० आणि ८० मिलिग्रॅममध्ये मिळते, तर अम्लोडिपिन २.५, ५ आणि १० मध्ये. म्हणून ४० हा आकडा टेल्मिसार्टनच्या मोजपट्टीवर मधला आणि ५ हा अम्लोडिपिनच्या मोजपट्टीवर मधला. आपल्याकडे एस-अम्लोडिपिन नावाचेही औषध मिळते. त्याच्या २.५ मिलिग्रॅमचे काम साध्या अम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमएवढे असते. त्यामुळे नावाआधीचे ते ‘एस’ नजरेतून सुटता कामा नये.

काही गोळ्या दिवसातून एकदा आणि काही दोनदा का, याचे उत्तर औषध शरीरात किती वेळ टिकते यात आहे. अम्लोडिपिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. टेल्मिसार्टनला साधारण २४ तास. म्हणून ही औषधे दिवसातून एकदा पुरतात. मेटोप्रोलॉलची गोष्ट वेगळी. त्याचे टार्ट्रेट हे रूप काही तासांतच उतरते, म्हणून ते सहसा दोनदा देतात. सक्सिनेट हे रूप मात्र गोळीतून हळूहळू सुटते, म्हणून ते एकदाच घ्यायचे असते. अशा गोळ्यांच्या नावापुढे ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे दिसतात. त्या कुटू किंवा चावू नयेत, नाहीतर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. एकदाच्या गोळीची वेळ सकाळची की रात्रीची, यावर बरीच चर्चा होत आली. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१ हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आढळला नाही. रोज ठरावीक वेळी, न विसरता घेता येईल ती वेळ चांगली. लघवीचे प्रमाण वाढवणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी मात्र सकाळीच बरी, नाहीतर रात्री उठावे लागते.

आता एक नेहमी घडणारा प्रसंग तपशिलाने पाहू. बावन्न वर्षांच्या गृहस्थांना टेल्मिसार्टन ४० सकाळी एक अशी सुरुवात झाली. महिन्याने तपासणीत रक्तदाब १५२/९४ आला. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली. तिच्यावर त्याच ब्रँडचे नाव होते आणि पुढे ‘एएम’ ही दोन अक्षरे. ती अम्लोडिपिनची खूण. म्हणजे एकाच गोळीत टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५. गृहस्थांकडे जुन्या गोळ्या शिल्लक होत्या. नवे औषध ‘जोडीला’ दिले आहे, असे समजून त्यांनी दोन्ही गोळ्या सुरू ठेवल्या. टेल्मिसार्टन ४०च्या जागी ८० झाले. काही दिवसांनी अंथरुणातून उठताना त्यांना गरगरू लागले, घरच्या यंत्रावर आकडा १०२/६४ दिसला. दोन्ही स्ट्रिपांची मागची बाजू शेजारी ठेवली असती, तर एकच नाव दोनदा छापलेले लगेच दिसले असते. चिठ्ठी बदलली की एक प्रश्न विचारायलाच हवा: ही गोळी जुनीच्या जोडीला आहे की जुनीच्या जागी? ब्रँडपुढे ‘एच’ असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. पण या अक्षरांना पक्का नियम नाही, म्हणून खात्री मागच्या छपाईवरूनच करावी.

टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ती घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढावी. आठवड्याच्या डबीत आधी काढून ठेवू नये. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवले, तर घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

ओळीतला शेवटचा आकडा, ‘३० दिवस’, सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. अँटिबायोटिकच्या सवयीमुळे तो कोर्स वाटतो आणि महिना संपला की गोळी बंद होते. इथे तो पुढच्या तपासणीपर्यंतचा साठा असतो. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायलाच सुमारे चार आठवडे लागतात, म्हणून डॉक्टर महिन्याने बोलावतात आणि डोस तसाच ठेवायचा, वाढवायचा की दुसरे औषध जोडायचे ते ठरवतात. त्या दिवसापर्यंत गोळ्या पुरतील असे पाहावे आणि तपासणीला जाताना चिठ्ठीबरोबर रिकाम्या झालेल्या स्ट्रिपाही न्याव्यात. ‘लॉल’ गटाची गोळी असेल तर ती अचानक संपू देऊ नये, कारण ती एकदम तुटली की नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात.